नामदेव एकच, संहिता तीन

चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात एखाद्या मराठी विद्यार्थिनीने ‘संत नामदेव’ हा प्रबंधविषय घेतला, की घरची माणसे निर्धास्त होतात. नामदेव म्हणजे आपले घरचे. शाळेत धडा होता, आजी अभंग म्हणायची, आणि शिवाय नामदेव पंजाबात आले होतेच. विषय जणू तिच्यासाठीच राखून ठेवलेला. पहिले दोन महिने तीही खुशीत असते. मग मार्गदर्शक पूर्वसंशोधनाचा आढावा लिहून आणायला सांगतात आणि सेक्टर १४ मधल्या ए. सी. जोशी ग्रंथालयात एकाच टेबलावर दोन पुस्तके शेजारी येतात. एकात नामदेवांचे दोन हजारांहून अधिक अभंग, दुसऱ्यात त्यांची फक्त एकसष्ट पदे. पहिल्यातला नामदेव पंढरीच्या विठ्ठलाशी भांडतो, रुसतो, जेवतो. दुसऱ्यातला नामदेव, त्या पुस्तकाचा भाष्यकार सांगतो त्याप्रमाणे, मूर्तीपूजक नाहीच.

इथेच बहुतेकांचा आढावा बिघडतो. घाबरून यादी सुरू होते: अमुक यांनी अमुक साली असे म्हटले, तमुक यांनी तमुक साली तसे म्हटले. वीस पाने होतात, तीस ग्रंथांची नावे येतात, आणि वाचणाऱ्याला वाद नेमका कशावरून आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. किराणा दुकानाच्या यादीत साखर आणि हळद एकमेकींशी बोलत नाहीत, तसेच या आढाव्यातले विद्वान.

नामदेवांच्या बाबतीत यातून बाहेर पडायला एक प्रश्न पुरतो. हा अभ्यासक ‘नामदेव’ म्हणतो तेव्हा त्याच्या हातात कोणती संहिता आहे? नामदेवांवरच्या मतभेदांपैकी मोठा भाग मतांचा नसून हातातल्या पुस्तकांचा आहे, आणि आढाव्याचा नकाशा याच रेषेवर काढला तर तो उभा राहतो.

संहिता ढोबळमानाने तीन. पहिली मराठी गाथा. तिची महाराष्ट्र शासनाने काढलेली आवृत्ती १९७० सालची. तिच्या आधीही गाथा छापल्या गेल्या होत्या आणि प्रत्येकीत अभंगांची संख्या आणि क्रमांक वेगळे. दुसरी गुरू ग्रंथसाहिबातली एकसष्ट पदे. १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध झाला तेव्हा ती त्यात बसली आणि मग त्यांना कुणी हात लावला नाही. तिसरी राजस्थानातल्या हस्तलिखितांमधली हिंदी पदे. दादूपंथी साधूंनी दादू, कबीर, नामदेव, रैदास आणि हरदास या पाचांची वाणी एकत्र उतरवून ठेवली, त्या पोथ्यांतून ही आली. भगीरथ मिश्र आणि राजनारायण मौर्य यांनी पुणे विद्यापीठातर्फे १९६४ मध्ये हिंदी पदावली काढली. पुढे विनांद कॅलेवर्त आणि मुकुंद लाठ यांनी हस्तलिखिते ताडून १९८९ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली.

तीन संहिता, तीन लिप्या किंवा निदान तीन लेखनपरंपरा, आणि तिन्हींच्या शेवटी कवीची सही ‘नामा’ किंवा ‘नामदेव’.

आता तक्ता. संगणकावर आखावा किंवा जुन्या हिशेबाच्या वहीत, फरक पडत नाही. प्रत्येक ग्रंथासाठी एक आडवी ओळ आणि पाच उभे रकाने: हातातली संहिता, मूळ विधान, त्याला दिलेला पुरावा, कुणाला उत्तर म्हणून लिहिले, आणि काय सांगायचे टाळले. पहिले चार रकाने वाचता वाचता भरतात. पाचवा भरायला पुस्तक मिटून बसावे लागते, आणि खरा आढावा त्याच रकान्यातून लिहिला जातो.

एक ओळ भरून पाहू. रा. गो. भांडारकरांचे वैष्णव आणि शैव पंथांवरचे इंग्रजी पुस्तक १९१३ मध्ये आले. त्यात त्यांनी म्हटले, की नामदेवांची मराठी ज्ञानेश्वरांच्या मराठीपेक्षा स्पष्टपणे अर्वाचीन दिसते, म्हणून नामदेव ज्ञानेश्वरांचे समकालीन नसावेत. सुमारे शतकभराने मागाहून झाले असावेत. परंपरा मात्र नामदेवांचा जन्म १२७० चा धरते आणि ज्ञानेश्वरांबरोबर त्यांची तीर्थयात्रा सांगते. म्हणजे विधान काळाबद्दलचे, पुरावा भाषेचा, उत्तर परंपरेला. पाचव्या रकान्यात काय? ज्ञानेश्वरी ग्रंथ म्हणून लिहिली गेली आणि पोथीतून पुढे आली. अभंग गळ्यातून गळ्यात गेले. गाणारा प्रत्येक जण नकळत आपल्या काळची रूपे त्यात घालतो. छापील गाथेतली भाषा नवी दिसते यावरून गाथा उशिरा लिहून घेतली गेली एवढेच ठरते, कवी उशिरा जन्मला हे ठरत नाही. भांडारकरांचा तर्क चुकीचा होता असे म्हणायची गरज नाही. तो संहितेला लागू पडतो, माणसाला लागू पडेलच असे नाही, एवढे म्हणणे पुरे. रा. द. रानडे यांनी १९३३ च्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’मध्ये नामदेवांना ज्ञानेश्वरांच्या बरोबरीने ठेवले. ती ओळ तक्त्यात भांडारकरांच्या लगेच खाली येते, कारण दोघे एकाच गाठीवर उभे आहेत.

तिसरी ओळ सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या कवीची. त्याची रचनाही ‘नामा’ या सहीची, त्यामुळे गाथेत दोघांचे अभंग मिसळले आहेत हे मराठी अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. हे लक्षात घेतले की भांडारकरांच्या पुराव्याला आणखी एक बाजू फुटते: ‘अर्वाचीन’ भाषेतले काही अभंग खरोखरच पुढच्या शतकांतले असू शकतात.

आढावा लिहिताना या तीन ओळींचा एकच परिच्छेद होतो. कच्चे लेखन साधारण असे असते: ‘भांडारकरांच्या मते नामदेव चौदाव्या शतकात झाले. रानडे यांच्या मते ते ज्ञानेश्वरांचे समकालीन होते. काही अभ्यासक विष्णुदास नामा हा वेगळा कवी मानतात.’ तिन्ही वाक्ये खरी, पण एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली. तेच असे लिहिता येईल: ‘नामदेवांच्या काळाचा वाद प्रत्यक्षात गाथेच्या वयाचा वाद आहे. भांडारकरांनी भाषेच्या अर्वाचीनतेवरून कवीला पुढे आणले, रानडे यांनी परंपरेचा काळ कायम ठेवला. पण दोघांनीही छापील गाथेला एकाच कवीची रचना धरले. विष्णुदास नामाच्या अभंगांची सरमिसळ लक्षात घेतली तर हे गृहीतकच डळमळते.’ शब्द थोडेच वाढले, पण आता वाक्यांना क्रम आहे. तिसरे वाक्य काढले तर चौथे कोसळते.

हीच आढाव्याच्या प्रकरणाची कसोटी. लिहून झाल्यावर लागोपाठच्या दोन परिच्छेदांची अदलाबदल करून वाचावी. काहीच बिघडले नाही तर तो वाद नाही, यादी आहे. दुसरी खूण आणखी सोपी: परिच्छेद ओळीने आडनावाने आणि सालाने सुरू होत असतील तर समजावे, की तक्त्याच्या ओळी उचलून कागदावर ठेवल्या गेल्या आहेत. परिच्छेदाच्या तोंडी प्रश्न हवा, आडनावे पोटात.

चंडीगडात बसून नामदेव अभ्यासणाऱ्याला दुसरी गाठ जास्त जवळची, आणि मराठी वाचकाला ती बहुधा अनोळखी. ती एका शब्दात मावते: ‘बीठल’.

गुरू ग्रंथसाहिबातल्या नामदेवांच्या पदांत बीठल हा शब्द येतो. मराठी कानाला तो लगेच पंढरपूर ऐकवतो. पण साहिबसिंग यांनी ‘गुरू ग्रंथसाहिब दर्पण’ या दहा खंडांच्या पंजाबी भाष्यात (१९६२–६४) या पदांचा अर्थ लावताना नामदेवांना मूर्तीपूजेपासून दूर ठेवले आहे. बीठल म्हणजे सर्वत्र भरलेला निराकार परमात्मा, असा त्यांचा रोख. मराठी विद्यार्थिनीची पहिली प्रतिक्रिया ‘हे तर उघडच ओढूनताणून आहे’ अशी होते. तिने ती आढाव्यात लिहू नये. पदे उघडावीत.

ग्रंथाच्या पानाला अंग म्हणतात. अंग ४८५ वर, राग आसामध्ये, असे पद आहे: पाण्याची घागर आणावी तर त्या पाण्यात असंख्य जीव, फुले आणावीत तर भुंग्याने आधीच हुंगलेली, दूध आणावे तर वासराने उष्टे केलेले, मग बीठलाची पूजा करायची कशाने? आणि तोच इथेतिथे सगळीकडे आहे. हे पद हाती धरले तर साहिबसिंग यांचे वाचन मुळीच ओढूनताणून वाटत नाही. मग अंग ११६३ काढावे. तिथे राग भैरवमध्ये नामदेव वाटीत दूध घेऊन देवापुढे बसतात आणि देव ते पितो. मराठी घरांतल्या लहानग्या नामदेवाची नैवेद्याची गोष्ट ती हीच. महिपतींच्या ‘भक्तविजया’तून ती घरोघर गेली, आणि इथे ती शीख धर्मग्रंथात, महिपतींच्या दीडशे वर्षे आधी, पक्की बसलेली आहे.

म्हणजे सगुण की निर्गुण हा झगडा ‘महाराष्ट्र विरुद्ध पंजाब’ असा सरळ नाही. तो एकसष्ट पदांच्या आतच आहे. हे एकदा दिसले की तक्त्यातल्या ओळी आपोआप नव्याने लागतात: कुणी अंग ४८५ कडून वाचतो, कुणी अंग ११६३ कडून, आणि दुसऱ्या पदाचे काय करायचे हे प्रत्येकजण आपापल्या परीने निभावून नेतो. ते कसे निभावले, रूपक म्हणून, बालपणीची कथा म्हणून की नंतरच्या ज्ञानाची पायरी म्हणून, हे नोंदवणे हाच या भागाचा आढावा.

इथे प्रभाकर माचवे यांची आठवण हवी. मराठी मातृभाषा, हिंदीत लेखन, आणि नामदेवांच्या चरित्रावरचे व तत्त्वज्ञानावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६८ मध्ये काढले पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने. दोन्हीकडचा वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहिणे म्हणजे काय, हे पाहायला असे पुस्तक उपयोगी. त्यात लेखक कोणत्या संहितेतून कधी दुसरीत जातो, ते ठिकाण पेन्सिलीने खुणावून ठेवावे. वादाचे सांधे असे सापडतात.

तिसरी हालचाल वेगळ्या जातीची. पशौरा सिंग यांनी २००३ च्या पुस्तकात ग्रंथसाहिबातल्या भगतवाणीकडे शीख समाजाच्या आत्मओळखीच्या अंगाने पाहिले. नामदेव काय म्हणाले यापेक्षा ग्रंथाने नामदेवांना आत का घेतले, घेतल्यावर त्यांच्या शब्दांचे काय झाले, हा तिथला प्रश्न. ख्रिश्चन नोव्हेट्झके यांचे नामदेवांवरचे पुस्तक २००८ चे. त्यांनी कीर्तनकारांच्या वह्यांकडे, ज्यांना बाड म्हणतात त्यांच्याकडे, लक्ष वेधले आणि ‘नामा’ ही सही शतकानुशतके अनेकांनी सांभाळलेली सामूहिक गोष्ट म्हणून वाचली. खरा नामदेव कोणता, हे त्यांनी शोधलेच नाही; नामदेव कसे आठवले गेले हे शोधले. भांडारकरांचा प्रश्न त्यांनी सोडवला असे आढाव्यात लिहिले तर ती चूक होईल. त्यांनी तो बाजूला ठेवून दुसरा घेतला. ‘प्रश्न सुटला’ आणि ‘प्रश्न बदलला’ यांतला फरक एका वाक्यात दाखवता आला, तर परीक्षकाला कळते की पुस्तक प्रस्तावनेपुढेही वाचले आहे.

या सगळ्यांपर्यंत पोहोचायचे कसे? शेवटून. २००८ आणि १९८९ या दोन पुस्तकांच्या टिपांपासून सुरुवात करून मागे जावे. एका पुस्तकाच्या टिपांत जी नावे येतात, ती दुसऱ्यातही आली तर ती वादाची खुंटी. अशा सात-आठ खुंट्या मिळाल्या, की नव्या लेखाच्या टिपांत अनोळखी नाव येईनासे होते. तिथे शोध थांबवायला हरकत नाही, निदान त्या भाषेपुरता.

भाषेपुरता म्हणण्याला कारण आहे. शोधगंगेवर किंवा ग्रंथालयाच्या सूचीत `Namdev` टाकले तर एक ढीग निघतो, `Namdeo` टाकले तर दुसरा, `Namadeva` टाकले तर तिसरा. `Namdeo` ने नामदेव ढसाळांवरचे लेखन भरभरून येते. ते वाचनीय असते, पण दुपार जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘संत नामदेव’ आणि ‘भगत नामदेव’ या दोन शोधांतून दोन वेगळी जगे बाहेर पडतात. गुरुमुखीत `ਭਗਤ ਨਾਮਦੇਵ` असे टाकून निघणारे लेखन मराठी संदर्भसूचीत क्वचितच दिसते, आणि उलटही तेच. एका जगाने दुसऱ्याला किती वेळा उद्धृत केले हे तक्त्याच्या चौथ्या रकान्यावरून मोजता येते. तो रकाना जिथे रिकामा राहतो, तीच प्रबंधाची जागा. ‘या विषयावर आजवर कुणी संशोधन केलेले नाही’ हे वाक्य नामदेवांबाबत कुणी लिहिले तर परीक्षक पुढचे पान उलटणारच नाहीत. ‘अंग ११६३ च्या पदाचे मराठी अभ्यासक आणि पंजाबी भाष्यकार यांनी केलेले अर्थ एकमेकांसमोर ठेवून तपासलेले मला आढळले नाहीत’ हे वाक्य मात्र तपासता येते, म्हणून टिकते.

गुरुमुखी यायला हवी का? पस्तीस मूळ अक्षरे आहेत. देवनागरी येणाऱ्याला पंधरवडा पुरतो. भाष्याची पंजाबी समजायला जास्त वेळ लागतो, पण अनुवादावर विसंबून साहिबसिंग यांच्याशी वाद घालणे धोक्याचे.

संदर्भ देण्याची एक अडचण फक्त याच विषयात येते आणि ती मागाहून निस्तरणे फार त्रासाचे. गुरू ग्रंथसाहिबाची पृष्ठसंख्या ठरलेली आहे, १४३० अंगे. राग आणि अंग लिहिले की जगात कुठल्याही प्रतीत पद सापडते. गाथेचे तसे नाही. ‘अभंग ३१४’ असे नुसते लिहिले तर ते कोणत्या आवृत्तीतले हे न कळल्यास संदर्भ निरुपयोगी. जुन्या अभ्यासकांनी आपापल्या काळच्या गाथेतले क्रमांक दिलेले असतात. ते १९७० च्या गाथेत जसेच्या तसे शोधायला गेल्यास भलताच अभंग हाती येतो आणि एखाद्या थोर माणसाने चुकीचा दाखला दिल्याचा साक्षात्कार होतो. असे वाटले की आधी आवृत्ती पाहावी. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक नोंदीपुढे आवृत्तीचे साल आणि अभंगाचे पहिले दोन-तीन शब्द लिहून ठेवावेत.

घुमानचे काय करायचे, हा प्रश्न मराठी विद्यार्थ्याला पडतोच. गुरदासपूर जिल्ह्यातल्या या गावी नामदेवांचे वास्तव्य होते अशी परंपरा. एप्रिल २०१५ मध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले, अध्यक्ष होते सदानंद मोरे. त्या निमित्ताने खूप लेखन झाले. त्यातले पुष्कळसे गौरवाचे, थोडे संशोधनाचे. गौरवाचे लेखन फेकून देऊ नये, पण वादाच्या तक्त्यात बसवूही नये. त्याची जागा नामदेव आज कसे आठवले जातात या भागात, म्हणजे नोव्हेट्झके यांनी उघडलेल्या दालनात. घुमानला जाऊन आलेल्याने प्रवासवर्णन प्रस्तावनेत लिहावे. आढाव्याच्या प्रकरणात त्या सहलीला तीन ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नये, गावच्या लंगरातले जेवण कितीही लक्षात राहिलेले असो.

साधर्म्य तपासणारी यंत्रणा सर्वांत जास्त याच प्रकरणात बोंबलते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्यावर कारवाई नाही. मराठी पुस्तकातला परिच्छेद इंग्रजीत उतरवून नाव न घेता वापरला तर यंत्राला बहुधा कळणार नाही; मात्र मौखिक परीक्षेला पुण्याहून किंवा संभाजीनगरहून आलेला परीक्षक तेच पुस्तक शिकवत असण्याची शक्यता बरीच असते.

नामदेवांसाठी प्रकरणाची बांधणी साधारण अशी होते. सुरुवातीला दोन पाने तीन संहितांची, कारण त्यांशिवाय पुढचे काहीच समजत नाही. मग काळाचा आणि कर्तृत्वाचा वाद, पाचेक पाने. मग बीठल, ज्याला सर्वांत जास्त जागा, कारण पदे प्रत्यक्ष उघडून दाखवायची असतात. मग प्रश्न बदलणारे दोघे. शेवटी रिकामा रकाना आणि त्यातून निघालेला स्वतःचा प्रश्न, अर्ध्या पानात. चरित्र, जन्मगाव, जात, गुरुपरंपरा ही माहिती इथे येत नाही. ती पहिल्या प्रकरणात गेली पाहिजे, आणि तिथेही जपून, कारण नामदेवांच्या चरित्रातली बहुतेक प्रत्येक ओळ या वादातल्या कुठल्या ना कुठल्या पक्षाची असते.

मसुदा मार्गदर्शकांकडे द्यायच्या आदल्या रात्री एक काम उरते. प्रकरणात जिथे जिथे ‘नामदेव म्हणतात’ असे लिहिले असेल, तिथे थांबून समासात गाथा, ग्रंथ किंवा पोथी यांपैकी एक शब्द लिहावा. पहिल्या मसुद्यात असे वाक्य पानापानावर निघते, आणि त्यांतल्या काहींपुढे कोणता शब्द लिहावा हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. ती वाक्ये दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडल्यावर पुन्हा तपासायची.